दोन लेबलं, एक वीजबिल आणि पाचवा उन्हाळा

एसी घ्यायला गेलेलं कुटुंब दुकानातून सहसा एसी घेऊन परतत नाही. ते मोबाइलमध्ये फोटो घेऊन परततं. एक फोटो थ्री स्टारवाल्या एसीच्या लेबलचा, दुसरा फाइव्ह स्टारवाल्याचा. दोन्ही दीड टनाचे, दोन्ही इन्व्हर्टर. एकाची किंमत ३६,००० रुपये, दुसऱ्याची ४५,०००. दुकानदाराने ‘दोन वर्षांत पैसे वसूल’ असं सांगितलेलं असतं आणि घरातलं एक माणूस ‘उगाच नऊ हजार जास्त कशाला’ म्हणून अडून बसलेलं असतं. दोघांपैकी कोण बरोबर, हे त्या दोन फोटोंवरून आणि घरातल्या वीजबिलावरून अर्ध्या तासात काढता येतं.

हा हिशेब आपण एका उदाहरणावर करू. लेबलवरचे आकडे मी बाजारात दिसणाऱ्या दीड टनी एसींसारखेच, पण सोयीसाठी बेतलेले घेतले आहेत. घर पुण्यातलं, वीज महावितरणची.

आधी लेबल वाचून घेऊ. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचं हे लेबल असतं. वर अर्धवर्तुळात तारे दिसतात. दुकानात सगळ्यांची नजर तिथेच जाते, पण आपल्या कामाचे आकडे त्याखाली बारीक अक्षरांत असतात. त्यातले तीन टिपून घ्यायचे. पहिला, पूर्ण क्षमतेला एसी किती थंडावा देतो तो, वॅटमध्ये. दुसरा, १६०० तासांसाठी वर्षाला लागणारी युनिटं. तिसरा, आयएसईईआर नावाचा आकडा. वेगवेगळ्या तापमानांच्या अख्ख्या हंगामात एसीने खोलीतून एकूण जेवढी उष्णता बाहेर काढली, तिला त्यासाठी खाल्लेल्या विजेने भागलं की हा आकडा मिळतो. तो जितका मोठा, तितका एसी काटकसरी.

आपल्या उदाहरणात पहिल्या एसीच्या लेबलवर ५००० वॅट, ९९३.६ युनिटं आणि ३.९ आयएसईईआर आहे. दुसऱ्यावर ५१०० वॅट, ७६०.१ युनिटं आणि ५.२. पहिल्याला आपण ‘साधा’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘महाग’.

ताऱ्यांकडे मी मुद्दाम दुर्लक्ष करतो आहे, कारण तारे वर्षागणिक बदलतात. २०१८ च्या तक्त्यानुसार स्प्लिट एसीला ४.५ आयएसईईआरवर पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून पाच ताऱ्यांसाठी ५ लागू लागले आणि तोच ४.५ चा एसी चार ताऱ्यांवर आला. यंत्र तेच, वीजही तेवढीच, फक्त तारा गळाला. म्हणून लेबलवर छापलेला मुदतीचा काळही फोटोत यायला हवा. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मालावर जुन्या काळाचे पाच तारे असू शकतात. आयएसईईआर मात्र असा फसवत नाही.

फोटो काढतानाच थोडी काळजी घेतली तर पुढचा मनस्ताप वाचतो. लेबलचा कागद चकचकीत असतो आणि दुकानातल्या ट्यूबलाइटचा पट्टा नेमका आकड्यांवर पडतो. फ्लॅश बंद ठेवावा, मोबाइल किंचित तिरका धरावा आणि मॉडेल क्रमांक कापला जाणार नाही हे पाहावं. पुढच्याच फोटोत किमतीची पाटी घ्यावी, नाहीतर रात्री कुठली किंमत कुठल्या एसीची यावरून वाद होतो. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबला जातो आणि दशांश चिन्ह सगळ्यात आधी नाहीसं होतं.

तरीही एखादा आकडा पुसट येतोच. समजा, साध्या एसीची युनिटं ८९३.६ आहेत की ९९३.६, हे कळत नाही. तेव्हा लेबलच्या तीन आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं उपयोगी पडतं. युनिटांना आयएसईईआरने गुणायचं आणि किलोवॅटमधल्या क्षमतेने भागायचं. महाग एसीचा हिशेब ७६०.१ गुणिले ५.२ भागिले ५.१ असा होतो, उत्तर ७७५. साध्या एसीसाठी ९९३.६ गुणिले ३.९ भागिले ५, उत्तर पुन्हा ७७५. त्याजागी ८९३.६ घातले तर ६९७ येतात. म्हणजे पुसट आकडा नऊच आहे.

हे जुळण्याचं कारण लेबलच्या चाचणीत आहे. प्रत्येक एसीसाठी २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानांचं तेच वाटप धरलेलं असतं आणि एकूण तास तेच १६००. शिवाय एसी जेवढ्या क्षमतेचा, तेवढ्याच प्रमाणात खोलीतली उष्णताही मोठी धरतात. त्यामुळे १६०० कमी-जास्त उकाड्याचे तास म्हणजे पूर्ण ताकदीचे सुमारे ७७५ तास, हे प्रमाण सगळ्यांना सारखंच पडतं. पूर्णांक करण्यामुळे दहा-पंधराचा फरक दिसेल. त्याहून जास्त दिसला तर आकडा वाचण्यात घोळ आहे असं समजावं. मग ब्यूरोच्या मोबाइल अॅपवर मॉडेल क्रमांक टाकून आकडे पडताळून घ्यावेत.

याच गोष्टीतून एक अडचणही निघते, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. लेबल मोठ्या एसीला मोठी खोली देतं. तुमची खोली मात्र एकच आहे. ‘दीड टन’ हे बाजारातलं ढोबळ नाव आहे. नियमाने दीड टन म्हणजे सुमारे ५२७५ वॅट, पण त्या नावाखाली ४८०० वॅटचेही एसी विकले जातात. कमी क्षमतेच्या एसीच्या लेबलवर युनिटं आपोआप कमी दिसतात, आणि ती काटकसर नसते. म्हणून दोन्ही आकडे एकाच क्षमतेवर आणायचे. महाग एसीची ७६०.१ युनिटं ५१०० वॅटसाठी आहेत, ५००० वॅटसाठी ती ७४५ होतात. आता तुलना ९९३.६ विरुद्ध ७४५ अशी झाली. इथे फरक थोडाच पडला, पण एक एसी ४७०० चा आणि दुसरा ५२०० चा असेल तर याने निकालच बदलू शकतो.

आता तासांकडे वळू. १६०० तास ही तुलनेसाठी घेतलेली सरासरी आहे, तुमच्या घराची सवय नाही. पुण्यातल्या आपल्या कुटुंबात एसी बेडरूममध्ये आहे. मार्च ते जून या चार महिन्यांत मिळून साधारण १०० रात्री तो चालतो, रात्री ८ तास. म्हणजे ८०० तास, लेबलच्या बरोबर निम्मे. साध्या एसीला वर्षाला ४९७ युनिटं लागतील, महाग एसीला ३७३. चार महिन्यांत वाटलं तर दरमहा साधारण १२४ आणि ९३. फरक महिन्याला ३१ युनिटांचा.

या ३१ युनिटांची किंमत किती, इथे सगळ्यात जास्त गफलत होते. लोक बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागतात आणि जो सरासरी दर येतो त्याने गुणतात. पण आपल्याकडचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या बिलात पहिली १०० युनिटं एका दराने असतात, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढची चौथ्या. फ्रिज, पंखे, गिझर, टीव्ही यांनी खालचे टप्पे आधीच भरून टाकलेले असतात. एसीची युनिटं सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. त्यामुळे त्यांना पडणारा दर सरासरीचा नसतो, शेवटच्या टप्प्याचा असतो.

हा दर आपल्याच बिलातून काढावा, कारण वीज नियामक आयोगाच्या आदेशांनी तो बदलत राहतो. बिलाच्या मागे किंवा तपशिलात टप्प्यांचे दर असतात. त्या त्या टप्प्याच्या वीज आकारात प्रति युनिट वहन आकार मिळवायचा, इंधन समायोजन आकार असेल तर तोही मिळवायचा आणि या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लावायचं. स्थिर आकार धरायचा नाही, तो एसी कुठलाही घेतला तरी तेवढाच राहतो. आपल्या उदाहरणासाठी ही बेरीज दुसऱ्या टप्प्यात साडेबारा रुपये आणि तिसऱ्या टप्प्यात साडेसतरा रुपये आली असं धरू. तुमच्या बिलावर वेगळी येईल, पद्धत हीच राहील.

एसी नसताना या घराचा वापर महिन्याला २०० युनिटं आहे. साधा एसी लागला की ३२४ होतात. त्यातली १०० युनिटं साडेबाराच्या दराने १,२५० रुपये आणि वरची २४ साडेसतराच्या दराने ४२० रुपये. महिन्याचा एसीचा खर्च १,६७० रुपये, चार महिन्यांचा ६,६८०. महाग एसी लागला तर वापर २९३ वर थांबतो, म्हणजे तीनशेच्या आतच. त्याची ९३ युनिटं सगळी साडेबाराच्या दराने, महिन्याला सुमारे १,१६३ रुपये, हंगामाला ४,६५०.

वर्षाची बचत २,०३० रुपये. विजेत फरक २५ टक्क्यांचा, पैशांत तो ३० टक्क्यांचा झाला, कारण वाचलेल्या ३१ युनिटांतली २४ वरच्या महागड्या टप्प्यातली होती. या घराचा मूळ वापर २०० ऐवजी १५० असता, तर दोन्ही एसी तीनशेच्या आत बसले असते आणि त्याच युनिटांची बचत १,५५० रुपयांवर आली असती. एकाच इमारतीतल्या दोन घरांत एकाच एसीचं उत्तर वेगळं येतं ते यामुळे.

किमतीतला फरक ९,००० रुपये. त्याला २,०३० ने भागलं की ४.४ येतात. सव्वाचार-साडेचार वर्षांत वसुली, असं कोणीही म्हणेल. पण ही बचत बारा महिने थेंब थेंब होत नाही, ती फक्त उन्हाळ्यात होते. या मार्चमध्ये एसी घेतला तर चार उन्हाळ्यांत ८,१२० रुपये सुटतील. उरलेले ८८० पाचव्या उन्हाळ्याच्या दुसऱ्या बिलात फिटतील. जूनच्या अखेरीस एसी घेतला तर पहिला उन्हाळा हातातून गेलेला असतो आणि वसुली तेवढीच लांबते. दिवाळीच्या सवलतीत घेतलेल्या एसीने पुढच्या मार्चपर्यंत काहीच वाचवलेलं नसतं, हे सवलत मोजताना ध्यानात असू द्यावं.

९,००० चा आकडाही नीट तपासून घ्यावा. पाटीवरच्या किमती धरू नयेत. कार्डावरची सूट, जुन्या एसीचे पैसे वगैरे वजा जाऊन खिशातून प्रत्यक्ष किती जाणार, ते दोन्हींचं लिहावं. बसवण्याचा खर्च, जादा लागणारा तांब्याचा पाइप, स्टॅबिलायझर हे दोघांनाही सारखेच, म्हणून फरकात येत नाहीत. हप्त्यांवर व्याज असेल तर महाग एसीवर जास्त पडणारं व्याज मिळवावं. आणि रोखीने घेत असाल तरी ते ९,००० रुपये बँकेत ठेवले असते तर व्याज मिळालंच असतं. सात टक्के धरले तर आपली वसुली साडेचारावरून साडेपाच वर्षांच्या आसपास जाते. दुसऱ्या बाजूला, विजेचे दर वाढले की ती जवळ येते. मी स्वतः या दोन्ही गोष्टी एकमेकींवर सोडून देतो. पुढच्या पाच वर्षांचे वीजदर आज कुणालाच सांगता येत नाहीत.

बहुतेक ठिकाणी केला जाणारा झटपट हिशेब याच उदाहरणाला लावून पाहण्यासारखा आहे. लेबलांची थेट वजाबाकी २३३.५ युनिटं, सरासरी दर दहा रुपये, बचत २,३३५, वसुली चार वर्षांच्या आत. उत्तर आपल्या उत्तराच्या जवळच दिसतं. पण ते दोन चुका विरुद्ध दिशांना गेल्यामुळे: तास दुप्पट धरले आणि दर कमी धरला. दुसऱ्या घरात या चुका अशा एकमेकींना सावरून घेणार नाहीत.

नागपूरचं एक घर घ्या. तिथे एसी दुपारीही चालतो आणि पाच महिन्यांत १६०० तास सहज भरतात. साध्या एसीची महिन्याला १९९ युनिटं, महागाची १४९. मूळ वापर तोच २०० धरला तर दोन्ही घरं तीनशेपार जातात आणि वाचलेली ५० च्या ५० युनिटं साडेसतरा रुपयांची ठरतात. महिन्याला ८७५, वर्षाला ४,३७५ रुपये. नऊ हजार दोन उन्हाळ्यांत जवळजवळ फिटतात. दुकानदाराचं ‘दोन वर्षांत वसूल’ खोटं नव्हतं, फक्त ते नागपूरच्या या घरासाठी खरं होतं.

आता नाशिकमधलं घर. पाहुण्यांच्या खोलीत एसी आहे, एप्रिल-मेमध्ये ४० रात्री, रोज ६ तास. एकूण २४० तास. साध्या एसीला वर्षाला १४९ युनिटं, महागाला ११२. मूळ वापर दीडशेचा असल्याने सगळी युनिटं दुसऱ्या टप्प्यात. बचत सुमारे ४६६ रुपये. नऊ हजार फिटायला १९ वर्षं. तेवढा काळ एसी टिकत नाही.

लेबलच्या आकड्यांना दुसऱ्याही मर्यादा आहेत, आणि त्या बहुधा एकाच बाजूला झुकतात. १६०० तासांच्या त्या वाटपात दुपारच्या चाळिशीपारच्या उन्हाचे तासही मिसळलेले आहेत. पुण्यात रात्री अकरानंतर बाहेर तेवढं तापमान नसतं. त्यामुळे फक्त रात्री चालणारा इन्व्हर्टर एसी लेबलच्या सरासरीपेक्षा कमी वीज खातो, आणि दोन एसींमधला युनिटांचा फरकही कमी होतो. याला अपवाद वरच्या मजल्याचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, तिथे आकडा वर जातो. रिमोटवर किती अंश लावता याचाही परिणाम होतो. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे. तो १८ वर नेला की कॉम्प्रेसरला दम घ्यायला उसंतच मिळत नाही आणि लेबलचा हिशेब कोलमडतो. जाळी महिनोन्‌महिने धुतली नाही तरी तेच होतं.

एसी घरात आल्यावर ही पडताळणी फुकटात करता येते. रात्री झोपताना मीटरचा आकडा टिपायचा, सकाळी उठल्यावर पुन्हा टिपायचा. असे चार-पाच दिवस करायचे. मग एसी न लावलेल्या एक-दोन रात्रींचा आकडा काढून वजा करायचा, कारण फ्रिज आणि पंखा रात्रभर चालूच असतात. आपल्या पुण्याच्या घरात साध्या एसीचा अंदाज रात्रीला जवळजवळ पाच युनिटांचा आहे. मीटरने साडेतीन दाखवली तर तुमची खोली अंदाजापेक्षा सौम्य आहे. सात दाखवली तर दाराखालची फट, उघडी खिडकी, मळलेली जाळी किंवा कमी झालेला गॅस, यांपैकी काहीतरी आहे. घरात आधीपासून एसी असेल आणि तो बदलायचा असेल तर हे मोजमाप खरेदीच्या आधीच करावं. मग १६०० तासांच्या प्रमाणाची गरजच पडत नाही. जुन्या एसीची रात्रीची युनिटं आणि त्याचा आयएसईईआर यांचा गुणाकार नव्याच्या आयएसईईआरने भागला की नव्या एसीची युनिटं मिळतात. जुना एसी फार मळका किंवा गॅस कमी झालेला असेल तर मात्र आधी सर्व्हिसिंग करून मगच मोजावं.

वसुलीच्या वर्षांची सीमा प्रत्येकाने आपली ठरवावी. माझी अशी आहे: पाच वर्षांच्या आत वसूल होत असेल तर महाग एसी घ्यावा, आठच्या पुढे जात असेल तर साधा. मधल्या पट्ट्यात ब्रँडची आपल्या गावातली सर्व्हिस पाहावी, कारण इन्व्हर्टर एसीचा सर्किट बोर्ड वॉरंटीनंतर एकदा बदलावा लागला तर दोन-तीन उन्हाळ्यांची बचत एका दुपारी जाते. या मापाने नागपूरने फाइव्ह स्टार घ्यावा. पुण्याच्या घरानेही घ्यावा, पण फरक ९,००० चा आहे तोवरच. तो १२,००० झाला तर वसुली सहा उन्हाळ्यांवर जाते आणि मग घासाघीस करावी. नाशिकच्या घराने थ्री स्टारच आणावा, आणि वाचलेल्या नऊ हजारांतून त्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा व बाहेरून छज्जा करून घ्यावा.